अंदाजपत्रकाचा मसुदा ऑनलाइन शीटमध्ये तपासून घेणे: पहिल्या कॉमेंटपासून कुलूपबंद प्रतीपर्यंत

मंजुरी मिळते ती ठरावीक आकड्यांना, फाइलला नाही. ऑनलाइन शीटमध्ये नेमकी इथेच गफलत होते. फाइल एकच राहते, लिंकही तीच राहते आणि आतले आकडे मात्र सही झाल्यानंतरही बदलत राहतात. दोन महिन्यांनी कोणी विचारलं की "तुम्ही मंजूर केलं तेव्हा वाहतुकीला किती होते?", तर लिंक उघडून उत्तर मिळत नाही, कारण लिंक फक्त आजचा आकडा दाखवते. म्हणून पुढची सगळी मांडणी एकाच प्रश्नाभोवती आहे: कोणी, कधी, नेमक्या कोणत्या आकड्यांवर होकार दिला, हे नंतर निर्विवाद सांगता येईल का?

खालच्या पायऱ्या गूगल शीट्स धरून लिहिल्या आहेत. चाळीसेक ओळींचं, चार-पाच विभागांचं अंदाजपत्रक नजरेसमोर ठेवलं आहे आणि रकमा हजारांत आहेत. दोनशे ओळी असल्या तरी पद्धत हीच, फक्त फेऱ्यांना दिवस जास्त द्यावे लागतील.

शीटची रचना

कॉमेंट मागवण्याआधी शीट तपासणीजोगं असलं पाहिजे. रकाने सहाच पुरेत: A मध्ये ओळ क्रमांक, B मध्ये खर्चाचं शीर्ष, C मध्ये विभाग, D मध्ये मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, E मध्ये मसुद्याची रक्कम आणि F मध्ये आधार, म्हणजे ही रक्कम कशी काढली ते एका वाक्यात. आधाराचा रकाना रिकामा ठेवून मसुदा पाठवला की निम्म्या कॉमेंट "हे कुठून आलं?" एवढंच विचारतात आणि पहिली फेरी त्यातच वाया जाते.

ओळ क्रमांक हाताने टाइप केलेला हवा, सूत्राने काढलेला नको. `ROW()` वापरलं की मध्ये एक ओळ घातली की खालचे सगळे क्रमांक सरकतात आणि कालच्या कॉमेंटमधली "ओळ १७" आज भलतीच ओळ ठरते. नवी ओळ आली तर तिला पुढचा मोकळा क्रमांक द्यायचा. ती मधोमध बसली तरी तिचा क्रमांक ४१ असायला हरकत नाही. एखादी ओळ रद्द झाली तर ती डिलीट करू नका, रक्कम शून्य करा आणि आधारात कारण लिहा. ओळ काढली की तिला जोडलेल्या चर्चेचा पायाच जातो आणि खर्च का वगळला हे पुढे कळत नाही.

ओळी २ ते ४१ मध्ये आकडे, ४२ वी ओळ मुद्दाम रिकामी, आणि बेरीज ४३ मध्ये. ती रिकामी ओळ बेरजेच्या कक्षेत घ्यायची:

```
=SUM(E2:E42)
```

कारण असं की शेवटच्या खर्चाखाली, बेरजेच्या अगदी वर ओळ घातली तर ती कक्षेबाहेर राहू शकते. मग यादीत खर्च दिसतो, पण बेरजेत येत नाही. रिकामी ओळ कक्षेत असली की तिच्या वर घातलेलं सगळं आपोआप आत येतं. तिला हलका राखाडी रंग द्या, म्हणजे कोणी तिच्यात लिहिणार नाही.

आणखी दोन सेल लागतील, बेरजेच्या खाली. पहिला रकमांच्या जागी मजकूर शिरला आहे का ते पाहतो:

```
=COUNTA(E2:E42)-COUNT(E2:E42)
```

उत्तर शून्यच यायला हवं. कोणी "240 अंदाजे" असं टाइप केलं की ती रक्कम राहत नाही, मजकूर होते आणि `SUM` ती गुपचूप सोडून देतो. नुसत्या नजरेने हे क्वचितच सापडतं. मजकूर सेलमध्ये डावीकडे सरकतो, एवढीच त्याची खूण. पण रकाना मधोमध रचलेला असला तर तीही दिसत नाही.

दुसरा सेल म्हणजे पडताळणी अंक:

```
=SUMPRODUCT(A2:A42,E2:E42)
```

प्रत्येक ओळीचा क्रमांक गुणिले तिची रक्कम, आणि या सगळ्यांची बेरीज. या अंकाला स्वतःचा काही अर्थ नाही. तो ठशासारखा वापरायचा. एकूण बेरीज तशीच ठेवून एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात गेले, तर बेरजेवरून काहीच कळत नाही, पण हा अंक हलतो. अंदाजपत्रकात असे बदल सर्रास होतात, कारण एकूण मर्यादा आधीच ठरलेली असते आणि ओढाताण आतल्या आतच चालते. हा अंक पुढे सहीच्या नोंदीत येणार आहे.

कोणाला काय हक्क

Share मध्ये जाऊन General access हे Restricted वर ठेवा. लिंक असलेल्या कोणालाही उघडता येईल अशी फाइल ठेवली की लॉगिन न केलेली माणसंही आत येतात आणि कॉमेंटवर नावच राहत नाही. निनावी शेऱ्याला उत्तर द्यायचं कोणाला?

मग हक्क वाटायचे. मसुदा तयार करणाऱ्या एकाच व्यक्तीला Editor, फार तर तिच्या पर्यायी माणसाला. विभागप्रमुख, लेखा, मंजुरी देणारे, हे सगळे Commenter. इथे बहुतेक ठिकाणी सवलत दिली जाते: "साहेबांना फक्त वाचायला कसं द्यायचं?" म्हणून वरिष्ठांना Editor केलं जातं. मग ते मीटिंगमध्ये बसल्या बसल्या फोनवरून आकडा थेट बदलतात, कॉमेंट न टाकता. बदल करणाऱ्याचं नाव इतिहासात सापडतं, पण कारण कुठेच सापडत नाही. Commenter असण्यात कमीपणा नाही. ज्याला मंजुरी द्यायची आहे त्याने मसुद्यात हात घालायचा नाही, हाच तर मंजुरीचा अर्थ.

Share च्या खिडकीत वर गिअरचं चिन्ह आहे. त्यात Editor ना पुढे इतरांना हक्क देता येतात, त्यावरची खूण काढा.

एक गोष्ट मात्र शीटच्या हक्कांवर सोडू नये, ती म्हणजे व्यक्तिगणिक पगार. ते दुसऱ्या टॅबमध्ये ठेवून टॅब लपवला की काम झालं असं समजतात. लपवलेला टॅब म्हणजे सुरक्षित टॅब नव्हे. Editor तो एका क्लिकने उघडतो, आणि ज्याला फाइलची कॉपी करता येते त्याच्या कॉपीत तो टॅबही जातो. पगाराचा तपशील वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि इथे फक्त त्याची एकूण रक्कम टाइप करा.

फेरी सुरू करण्याआधी मूळ प्रत गोठवा

"मसुदा" नावाच्या टॅबवर उजवं क्लिक करून Duplicate घ्या. नव्या टॅबला "मूळ" नाव द्या. त्यात सगळं निवडून कॉपी करा आणि त्याच जागी `Ctrl+Shift+V` ने पेस्ट करा, म्हणजे सूत्रं जाऊन फक्त किमती राहतील. मग Data → Protect sheets and ranges मधून हा टॅब स्वतःपुरता मर्यादित करा.

तिसरा टॅब "फरक". त्याच्या A रकान्यात १ पासून ६० पर्यंत क्रमांक टाइप करा, पुढे येणाऱ्या नव्या ओळींसाठी थोडे जास्तच. B2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=IFNA(VLOOKUP($A2,'मसुदा'!$A$2:$E$42,5,FALSE),0)
-IFNA(VLOOKUP($A2,'मूळ'!$A$2:$E$42,5,FALSE),0)
```

हे दोन्ही टॅबमधून ओळ क्रमांकाने रक्कम शोधतं आणि वजा करतं. मसुद्यात ओळी वरखाली झाल्या तरी बिघडत नाही. इथे `IFERROR` न वापरता मुद्दाम `IFNA` वापरलं आहे. `IFNA` फक्त "सापडलं नाही" एवढ्याच चुकीला शून्य मानतं. मसुद्यातल्या एखाद्या सेलमध्ये `#REF!` आलं असेल तर ते फरकातही `#REF!` म्हणूनच उमटतं आणि उमटायलाच हवं. `IFERROR` ने ते शून्याखाली झाकलं गेलं असतं.

शेवटी File → Version history → Name current version मधून आवृत्तीला नाव द्या. नावात फेरी आणि क्रमांक असू द्या, उदाहरणार्थ "म१ विभाग फेरी सुरू". एका शीटमध्ये नाव दिलेल्या आवृत्त्या १५ च ठेवता येतात, तेव्हा दर संध्याकाळी नाव देत बसू नका. फेरी सुरू, फेरी बंद, सही, एवढ्यालाच नाव. बिननावाच्या आवृत्त्या जागा वाचवण्यासाठी एकत्र केल्या जाऊ शकतात, म्हणून महत्त्वाचा टप्पा नावाशिवाय सोडू नये. आवृत्त्यांचा इतिहास फक्त Editor ना दिसतो. Commenter ना बदल कळण्यासाठी "फरक" टॅबच लागतो, आणि तो बनवण्याचं हेच खरं कारण.

कॉमेंट कशी लिहायची

सेल निवडून `Ctrl+Alt+M`. नोट ही वेगळी गोष्ट आहे. तिला उत्तर देता येत नाही आणि ती बंदही करता येत नाही, म्हणून तपासणीत नोट वापरू नये.

कॉमेंटमध्ये चार गोष्टी असल्या की उलटसुलट विचारणा थांबते: ओळ क्रमांक, सध्याची रक्कम, सुचवलेली रक्कम आणि त्याचं कारण. सध्याची रक्कम लिहायला लोक कंटाळतात, कारण ती शेजारच्या सेलमध्ये दिसतेच आहे. पण सेल उद्या बदलेल, कॉमेंट तीच राहील. २४० चे ३०० झाल्यावर "हे कमी वाटतं" असा शेरा ३०० शेजारी लटकत राहतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की ३०० सुद्धा कमी आहेत.

उत्तर ज्याच्याकडून हवं त्याला @ टाइप करून मेल पत्त्याने जोडा आणि खालच्या Assign च्या चौकटीत खूण करा. नुसत्या @ ने त्याला मेल जातो. Assign केल्यावर ती बाब त्याच्या नावावर काम म्हणून पडते. एका कॉमेंटमध्ये एकच मुद्दा. तीन मुद्दे एकत्र लिहिले की दोन मिटतात, तिसरा राहतो आणि धागा बंद करायचा की नाही यावर कोणाचंच एकमत होत नाही.

धागा बंद करण्याचा नियम फेरी सुरू होण्याआधीच ठरवून सांगा: ज्याने मुद्दा काढला तो समाधान झाल्याचं धाग्यातच लिहील, त्यानंतरच मसुदाकर्ता Resolve दाबेल. मसुदाकर्त्याने बदल केला आणि स्वतःच लगेच बंद केलं, असं झालं की मुद्दा मिटला की दडपला हे सांगता येत नाही. आणि Delete कधीच नाही. Resolve केलेला धागा सेलवरून दिसेनासा होतो, पण उजव्या बाजूच्या कॉमेंटच्या पट्टीत पुन्हा पाहता येतो. Delete केलेला गेलाच.

तपासणी चालू असताना कोणाला फक्त आपल्या विभागाच्या ओळी पाहायच्या असतील तर Filter view वापरायला सांगा. साधा फिल्टर लावला की तो सगळ्यांच्याच पडद्यावर लागतो. पलीकडच्या माणसाला तीस ओळी गायब झालेल्या दिसतात आणि नसत्या धावपळीला सुरुवात होते.

एक ओळ, शेवटपर्यंत

विभागांची फेरी संपली आहे. एकूण बेरीज ४,८००, पडताळणी अंक ९८,४६०. सगळ्या विभागप्रमुखांनी या दोन आकड्यांवर होकार दिला आहे आणि आवृत्तीचं नाव आहे "म३ विभाग सही". आता लेखा फेरी.

लेखा विभागातून E18 वर कॉमेंट येते: "ओळ १७, वाहतूक. मसुद्यात २४०, मागील वर्षी प्रत्यक्ष ३१२. फेऱ्या कमी होणार असं आधारात कुठे नाही. ३०० करावेत किंवा २४० चा हिशेब द्यावा." वाहतूक ज्यांच्याकडे आहे त्या विभागप्रमुखांना ती Assign केली आहे.

विभागप्रमुखांचं उत्तर: "महिन्याला एक फेरी, फेरीमागे २५, म्हणजे ३०० बरोबर आहेत. वाढीव ६० छपाईतून घ्यावेत, यंदा माहितीपुस्तिका कमी काढायच्या आहेत."

मसुदाकर्ता ओळ १७ मध्ये २४० चे ३०० करतो आणि ओळ २३, छपाई, १८० वरून १२० वर आणतो. आधाराच्या रकान्यात "१२ फेऱ्या × २५" असं लिहितो. धाग्यात नोंदवतो: "केलं. ओळ १७: २४० → ३००. ओळ २३: १८० → १२०. आवृत्ती म४." लेखा "पाहिलं, ठीक" म्हणतो, धागा बंद.

बेरीज अजूनही ४,८००. पडताळणी अंक मात्र १७ × ६० म्हणजे १,०२० ने वाढला आणि २३ × ६० म्हणजे १,३८० ने घटला. आता तो ९८,१०० आहे. "फरक" टॅबमध्ये दोनच ओळी दिसतात, +६० आणि −६०.

सगळं सुरळीत दिसतं, पण इथे एक भोक आहे. छपाई दुसऱ्या विभागाकडे आहे. त्या विभागाच्या प्रमुखांनी १८० वर सही केली होती आणि त्यांचे ६० ज्या चर्चेत गेले ती चर्चा वाहतुकीच्या सेलवर झाली. तिथे त्यांचं नाव कोणी जोडलं नव्हतं, म्हणून त्यांना मेलही गेला नाही. सेलला बांधलेल्या कॉमेंटची ही जन्मजात मर्यादा आहे: निर्णय दोन ओळींचा असतो, धागा एकाच ओळीवर असतो.

म्हणून ज्या ज्या ओळीची रक्कम बदलते त्या प्रत्येक ओळीवर स्वतंत्र कॉमेंट हवी, भले ती एका वाक्याची असो: "ओळ २३: १८० → १२०, कारण ओळ १७ चा धागा पाहा, आपली संमती हवी", आणि ती त्या ओळीच्या मालकाला Assign केलेली हवी. हे तपासायला सोपं आहे. "फरक" टॅबमध्ये शून्य नसलेल्या जितक्या ओळी, तितके धागे निघाले पाहिजेत. कमी निघाले तर कोणाला तरी विचारायचं राहून गेलं आहे.

पडताळणी अंकाचीही मर्यादा लक्षात असू द्या. दोन ओळींत अदलाबदल झाली तर तो नक्की हलतो, कारण दोघींचे क्रमांक वेगळे असतात. पण तीन ओळी बदलल्या तर तो क्वचित जागच्या जागी राहू शकतो. ओळ ४ मध्ये १० वाढले, ओळ ५ मध्ये २० घटले, ओळ ६ मध्ये १० वाढले, की बेरीजही तीच आणि अंकही तोच. मुद्दाम केल्याशिवाय असं सहसा होत नाही, तरी शेवटचा शब्द अंकाचा नाही, "फरक" टॅबचा.

सहीची नोंद वेगळ्या फाइलमध्ये

सहीचा तक्ता त्याच फाइलमध्ये एका टॅबवर ठेवावा, हे पहिल्यांदा सुचतं आणि तिथेच अडतं. मंजुरी देणारे Commenter आहेत, त्यांना सेलमध्ये लिहिता येत नाही. Protect केलेल्या भागात हक्क द्यायचा तरी माणूस आधी फाइलचा Editor असावा लागतो. त्यांच्यासाठी मसुदाकर्त्याने "होकार मिळाला" असं टाइप केलं, तर ती सही त्यांची नसते.

म्हणून "मंजुरी नोंद" नावाची दुसरी फाइल करा. तिचा मालक मसुदाकर्ता नसावा. Protect केलेल्या सेलमध्येही फाइलचा मालक केव्हाही बदल करू शकतो, तेव्हा मसुदा आणि सहीची नोंद एकाच्याच ताब्यात असली तर दोन फाइलींना अर्थ नाही. लेखा विभागातला किंवा कार्यालयातला कोणी मालक चालेल. प्रत्येक सहीला एक आडवी ओळ: टप्पा, आवृत्तीचं नाव, एकूण बेरीज, पडताळणी अंक, निर्णय, नाव, तारीख. प्रत्येक ओळ Protect करून ज्याची सही त्यालाच तिथे लिहिण्याचा हक्क. निर्णयाच्या सेलमध्ये Insert → Dropdown ने तीनच पर्याय द्या: मंजूर, सशर्त मंजूर, परत. "सशर्त" निवडलं तर अट शेजारच्या रकान्यात. मसुद्यात ती अट पूर्ण होईपर्यंत पुढचा टप्पा सुरू करायचा नाही.

बेरीज आणि पडताळणी अंक सही करणाऱ्याने स्वतः पाहून टाइप करायचे. इथे `IMPORTRANGE` लावून आकडे आपोआप आणण्याचा मोह होतो आणि दिसायलाही ते नीटनेटकं दिसतं. पण मग मसुदा बदलला की सहीच्या ओळीतला आकडाही बदलतो आणि माणसाने न पाहिलेल्या रकमेवर त्याची सही दिसू लागते. तारखेचंही तसंच. `TODAY()` उद्या उद्याची तारीख दाखवेल. `Ctrl+;` दाबलं की आजची तारीख कायमची बसते. नोंदीबद्दल शंका आली तर त्या सेलवर उजवं क्लिक करून Show edit history पाहा. कोणत्या खात्यातून आणि केव्हा लिहिलं ते तिथे दिसतं. मात्र ओळी घालणं-काढणं किंवा सूत्रामुळे झालेला बदल तिथे दिसत नाही.

लेखा फेरीत आकडा बदलला तर विभागाची जुनी सही खोडायची नाही. त्याच टप्प्याची नवी ओळ जोडायची, नव्या आवृत्तीच्या नावासह. वरच्या उदाहरणात दोन्ही विभागप्रमुखांच्या म३ च्या ओळी तशाच राहतील आणि खाली म४ च्या दोन ओळी येतील, ४,८०० आणि ९८,१०० लिहिलेल्या. ज्यांच्या रकमा हलल्या नाहीत त्यांना पुन्हा त्रास देण्याची गरज नाही. "फरक" टॅब त्यांच्या वतीने बोलतो.

काही सशुल्क Workspace खात्यांत File मेन्यूमध्ये Approvals असतं. त्यातून मंजुरी मागवली तर कोणी केव्हा होकार दिला ते फाइललाच जोडलेलं राहतं. ते असेल तर अंतिम टप्प्याला जरूर वापरा. पण ओळीओळीचा हिशेब ते ठेवत नाही, त्यामुळे नोंदीची फाइल त्याने सुटत नाही.

मंजूर प्रत आणि तिचं कुलूप

अंतिम होकार आल्यावर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मसुद्यात एकही उघडा धागा नाही ना ते पाहा आणि आवृत्तीला नाव द्या. मग File → Make a copy. त्याच लोकांना शेअर करण्याचा पर्याय निवडू नका आणि कॉमेंटही सोबत नेऊ नका. मंजूर प्रत स्वच्छ असावी, चर्चा मसुद्याच्या फाइलमध्ये सुरक्षित आहे. कॉपीला आवृत्त्यांचा इतिहास येत नाही, म्हणूनही मसुद्याची फाइल कधी काढून टाकायची नाही.

कॉपीत आता बाहेरच्या गोष्टींवर अवलंबून असलेली सूत्रं शोधायची. `Ctrl+H` मध्ये सूत्रांच्या आत शोधण्याची खूण चालू करून `IMPORTRANGE`, `TODAY`, `NOW` आणि `GOOGLEFINANCE` एकेक शोधा. जिथे सापडतील तिथे कॉपी करून `Ctrl+Shift+V` ने किमती बसवा. आतल्या बेरजांची सूत्रं मात्र राहू द्या, कारण वाचणाऱ्याला बेरीज कुठून आली ते पाहता आलं पाहिजे. "मूळ", "फरक" आणि इतर कामाचे टॅब त्यानंतरच काढा. आधी काढले तर त्यांच्यावर टेकलेल्या सेलमध्ये `#REF!` येईल.

आता बेरीज आणि पडताळणी अंक मंजुरी नोंदीतल्या शेवटच्या ओळीशी ताडून पाहा. ४,८०० आणि ९८,१०० जुळले तर पुढे जा. न जुळले तर किमती बसवताना काहीतरी सरकलं आहे. प्रत दुरुस्त करत बसू नका, टाका आणि नव्याने कॉपी घ्या.

कुलपाबद्दल गैरसमज बरेच आहेत. Protect केलेला टॅब Editor ला अडवतो, मालकाला नाही. ड्राइव्हमध्ये फाइलवर उजवं क्लिक करून File information → Lock असं खरं कुलूपही लावता येतं, पण एडिटचा हक्क असलेला कोणीही ते उघडू शकतो. तेव्हा कुलपाचं काम खरं करतात ते हक्कच: मंजूर प्रतीला Editor कोणीच नको, सगळे Viewer. ज्या एकाच्या नावावर ती राहील तो मसुदाकर्ता नसावा, किंवा शेअर्ड ड्राइव्ह असेल तर प्रत तिथे हलवा. हे झाल्यावर Lock लावा, कारण उरलेल्या एकाचा हात चुकून लागू नये एवढ्यासाठी ते उत्तम आहे.

शेवटी त्या प्रतीची पीडीएफ काढा आणि सही करणाऱ्या सगळ्यांना मेलने पाठवा, मेलच्या मजकुरात बेरीज आणि पडताळणी अंक लिहून. ज्याच्या त्याच्या मेलबॉक्समध्ये पडलेली ती प्रत तुमच्या ड्राइव्हवर काहीही झालं तरी बदलत नाही. मसुद्याच्या फाइलमध्ये सगळ्यांना Viewer करा आणि नावाआधी "बंद" लावा, नाहीतर जुनी लिंक बुकमार्क केलेला कोणीतरी महिनाभराने तिथेच कॉमेंट टाकत बसेल.

वर्षाच्या मध्ये रक्कम बदलायची वेळ येतेच. तेव्हा कुलूप काढायचं नाही. मंजूर प्रतीची कॉपी घेऊन तिला "सुधारित १" म्हणा. "मूळ" टॅबमध्ये मंजूर आकडे गोठवा, "फरक" टॅब पुन्हा लावा आणि ज्या ओळी हलतात त्यांच्याच मालकांकडून नव्या ओळीत सह्या घ्या. मंजुरी नोंदीची फाइल तीच चालू ठेवा. वर्षअखेरीला हिशेब तपासनीस प्रथम तीच मागतील.